चालताना व्हिडिओ कॉल तुटतो: जुन्या ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहणाऱ्या लॅपटॉपचे निदान

ही तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. जागेवर बसून कॉल उत्तम चालतो. पण लॅपटॉप हातात घेऊन एका खोलीतून दुसरीकडे जायला निघाले, की वाटेत आवाज फाटतो, चित्र गोठते आणि शेवटी ‘पुन्हा जोडत आहे’ असा संदेश येतो. नव्या खोलीत पोहोचून काही सेकंद थांबले की सारे पूर्ववत होते. त्यामुळे ‘इंटरनेट गेले होते’ असे म्हणून विषय सोडून दिला जातो. बहुतेक वेळा इंटरनेट कुठेही गेलेले नसते. लॅपटॉपने मागे राहिलेला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे छतावर किंवा भिंतीवर बसवलेले वाय-फाय पुरवणारे उपकरण, वेळेवर सोडलेला नसतो, किंवा सोडल्यावर पुढचा पकडायला जास्त वेळ घेतलेला असतो.

आधी लक्षणे नीट पाहा

वरवर एकसारख्या दिसणाऱ्या या तक्रारीत तीन वेगळे दोष असतात आणि त्यांची लक्षणे लक्ष दिल्यास वेगळी ओळखता येतात.

पहिल्या प्रकारात कॉल हळूहळू बिघडतो. चालायला लागल्यावर आधी चित्र धूसर होते, मग आवाज यंत्रासारखा तुटक येतो आणि त्यानंतर कॉल थांबतो. येथे सर्वांत बोलके लक्षण असे, की तुम्हाला समोरच्यांचा आवाज अजून बऱ्यापैकी ऐकू येत असतो, पण त्यांना तुमचे बोलणे कळत नसते. ॲक्सेस पॉइंट मोठ्या शक्तीने प्रक्षेपण करतो, त्यामुळे तो लॅपटॉपला दूरवरून ऐकू येतो; लॅपटॉपचे प्रक्षेपण मात्र कमी शक्तीचे असते आणि ते तिथवर पोहोचत नाही. असा लॅपटॉप जुन्या ॲक्सेस पॉइंटला चिकटून बसलेला असतो. नेटवर्कची कामे करणारे त्याला ‘स्टिकी क्लायंट’ म्हणतात.

दुसऱ्या प्रकारात आधी काहीच बिघडत नाही. सिग्नल चांगला असतो, आवाज स्वच्छ असतो आणि अचानक एक ते पाच सेकंद सारे गोठते; त्यानंतर कॉल आपोआप पुढे चालू होतो. येथे लॅपटॉपने ॲक्सेस पॉइंट वेळेवर बदललेला असतो, पण बदलण्याची क्रिया लांबलेली असते.

तिसऱ्या प्रकारात कॉल पूर्ण तुटतो, त्याबरोबर व्हीपीएनही तुटते आणि सामायिक फोल्डर उघडे असेल तर तेही हरवते. अशा वेळी लॅपटॉपचा आयपी पत्ता बदलल्याचा संशय घ्यावा.

या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी आपला दोष कोणत्या प्रकारचा आहे, हे ठरवणे आवश्यक आहे.

ज्यांना काहीच खर्च नाही अशा तपासण्या

प्रथम दोन्ही ठिकाणी, म्हणजे जिथून निघता तिथे आणि जिथे पोहोचता तिथे, स्वस्थ बसून पाच-सात मिनिटांचा कॉल करून पाहा. दोन्हीकडे कॉल सुरळीत चालला, तरच पुढचे सारे निदान लागू पडते. एका ठिकाणी बसूनही कॉल अडखळत असेल, तर तो रोमिंगचा, म्हणजे चालताना ॲक्सेस पॉइंट बदलण्याचा, दोष नाही. त्या भागात सिग्नल कमी आहे, किंवा त्या ॲक्सेस पॉइंटवर गर्दी झाली आहे.

त्यानंतर लॅपटॉप उचलताना तुम्ही नेमके काय करता, हे आठवा. बरेच जण चालताना झाकण अर्धे मिटतात आणि काही लॅपटॉप तेवढ्यावरच झोपी जातात. मग वाय-फायही बंद होते. एकदा झाकण पूर्ण उघडे ठेवून चालून पाहा. दुसरी गोष्ट याहून जास्त वेळा आढळते आणि सहज नजरेतून सुटते. टेबलावरच्या डॉकला नेटवर्कची केबल जोडलेली असते. लॅपटॉप डॉकमधून काढला की तारेची जोडणी संपते, वाय-फाय सुरू होते आणि आयपी पत्ता बदलतो. तुम्हाला वाटते चालल्यामुळे कॉल तुटला; प्रत्यक्षात तो खुर्चीवरून उठतानाच तुटलेला असतो. यावर उपाय सोपा आहे: उठून जायचे ठरलेले असेल, तर कॉल सुरू करण्यापूर्वीच केबल काढून वाय-फायवर या.

तिसरी तपासणी नेटवर्कच्या नावाची. कार्यालयात कर्मचाऱ्यांचे एक आणि पाहुण्यांचे दुसरे अशी दोन वाय-फाय नेटवर्क असतील आणि लॅपटॉपमध्ये दोन्ही ‘आपोआप जोडा’ अशी साठवलेली असतील, तर सिग्नल घसरल्यावर लॅपटॉप एकातून दुसऱ्यात उडी मारू शकतो. त्याला रोमिंग म्हणता येणार नाही, कारण तेथे जुनी जोडणी मोडून नवी होते. पाहुण्यांचे नेटवर्क साठवलेल्या यादीतून काढून टाका. एखाद्या कोपऱ्यात सिग्नल वाढवण्यासाठी कोणी स्वतंत्र नावाचा रिपीटर लावला असेल, तर त्यालाही हेच लागू होते.

चालता चालता मोजमाप

वरचे सारे तपासूनही दोष कायम असेल, तर आता मोजायला हवे. यासाठी विकत काही घ्यावे लागत नाही. एकाच नावाच्या वाय-फायमध्ये प्रत्येक ॲक्सेस पॉइंटच्या प्रत्येक रेडिओला स्वतःचा वेगळा पत्ता असतो, त्याला बीएसएसआयडी म्हणतात. चालताना हा पत्ता कोणत्या क्षणी बदलतो आणि त्या क्षणी सिग्नल किती होता, एवढे कळले की निम्मे निदान झाले.

विंडोजवर पॉवरशेल उघडून पुढील ओळी चालवा. दर सेकंदाला वेळ, बीएसएसआयडी, चॅनल आणि सिग्नल यांची नोंद पडद्यावर येत राहील.

```powershell
while ($true) {
  Get-Date -Format HH:mm:ss
  netsh wlan show interfaces | Select-String "BSSID|Signal|Channel"
  Start-Sleep 1
}
```

विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही माहिती मिळण्यासाठी लोकेशनची परवानगी चालू असावी लागते. ती नसेल, तर आज्ञा माहिती न देता थांबते.

दुसऱ्या खिडकीत आपल्या गेटवेला, म्हणजे कार्यालयाला इंटरनेटशी जोडणाऱ्या राउटरला, सतत पिंग करत ठेवा; छोटे संदेश पाठवून त्यांचे उत्तर किती वेळात येते, हे त्यातून कळते. गेटवेचा पत्ता `ipconfig` या आज्ञेने मिळतो. खालच्या उदाहरणातील पत्त्याच्या जागी तो घाला.

```
ping -t 192.168.1.1
```

बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळाला पिंग न करता गेटवेलाच का करायचे, यामागे कारण आहे. गेटवे कार्यालयाच्या आतच असतो. त्यामुळे पिंगची उत्तरे अडखळली तर दोष वाय-फायच्या किंवा आतल्या नेटवर्कच्या टप्प्यात आहे हे निश्चित होते आणि इंटरनेट पुरवठादाराला दोष देण्याचा प्रश्न उरत नाही.

मॅकवर ऑप्शन ही कळ दाबून धरून वरच्या पट्टीतील वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले की बीएसएसआयडी, चॅनल आणि आरएसएसआय म्हणजे सिग्नलची पातळी दिसते.

एक हिशेब येथेच समजून घ्यावा. सिग्नलची खरी पातळी डीबीएम या एककात, उणे आकड्यांत मोजतात. आकडा शून्याकडे जितका जवळ तितका सिग्नल चांगला. विंडोज मात्र टक्के दाखवते. उणे १०० डीबीएम म्हणजे शून्य टक्के आणि उणे ५० किंवा त्याहून चांगले म्हणजे १०० टक्के, अशी ती सरळ विभागणी आहे. टक्क्यांना २ ने भागून १०० वजा केले की डीबीएम मिळतात. ६० टक्के म्हणजे उणे ७०, तर ४० टक्के म्हणजे उणे ८०. आवाज आणि चित्राच्या कॉलसाठी वायरलेस आराखडे साधारणपणे उणे ६७ डीबीएम, म्हणजे ६६ टक्के, ही किमान पातळी धरून केले जातात. ४० टक्के हा आकडा दिसायला वाईट वाटत नाही, पण कॉलसाठी तो फार कमी आहे.

एक नोंद वाचून पाहू

लांब कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन ॲक्सेस पॉइंट असलेल्या एका कार्यालयातील ही नोंद आहे. दोन्ही खिडक्यांतील आकडे मी एकत्र मांडले आहेत आणि निवडक ओळीच घेतल्या आहेत. बीएसएसआयडीचे शेवटचे दोन भाग तेवढे ठेवले आहेत.

```
14:10:05   3c:10   ch 36    92%     3 ms
14:10:14   3c:10   ch 36    76%     4 ms
14:10:21   3c:10   ch 36    60%     9 ms
14:10:28   3c:10   ch 36    46%    85 ms
14:10:34   3c:10   ch 36    34%   410 ms
14:10:36   Request timed out.
14:10:41   7e:50   ch 149   94%     4 ms
```

पहिल्या पाच ओळींत पत्ता बदललेला नाही. सिग्नल ९२ टक्क्यांवरून ३४ वर, म्हणजे उणे ५४ वरून उणे ८३ डीबीएमवर घसरला, तरी लॅपटॉप पहिल्याच ॲक्सेस पॉइंटला धरून राहिला. पिंगचा वेळ ३ मिलिसेकंदांवरून ४१० वर गेला. याचे कारण असे, की दुबळ्या सिग्नलवर पॅकेट हरवतात, ती पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात आणि लॅपटॉप वेग कमी करत जातो. व्हिडिओ कॉल एवढा विलंब सहन करत नाही.

आता खरा प्रश्न असा, की दुसरा ॲक्सेस पॉइंट त्या वेळी उपलब्ध होता का? हे तपासायला वाटेत थांबून वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करायचे. नव्याने जोडताना लॅपटॉप जवळपासचे सारे ॲक्सेस पॉइंट ऐकतो आणि सामान्यतः सर्वांत बळकट असलेला निवडतो. ज्या जागी नोंदीत ४६ टक्के होते, तिथे असे केल्यावर लॅपटॉप दुसऱ्या ॲक्सेस पॉइंटला ९० टक्क्यांवर जोडला गेला. म्हणजे उणे ५५ डीबीएमचा उत्तम सिग्नल डोक्यावर असताना तो उणे ७७ ला चिकटून होता. पहिल्या प्रकारचा दोष येथे सिद्ध झाला.

ही वाय-फाय बंद-चालू करण्याची चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या जागी नव्याने जोडल्यावरही सिग्नल कमीच राहिला असता, तर निष्कर्ष अगदी उलटा निघाला असता: लॅपटॉप निर्दोष आहे, दोन ॲक्सेस पॉइंटच्या मध्ये सिग्नलचे भोक आहे, आणि कोणतीही रोमिंग सेटिंग ते बुजवू शकत नाही.

तुमच्या नोंदीत सिग्नल ६० टक्क्यांच्या आसपास असतानाच पत्ता बदलला, पण बदलताना अनेक पिंग हरवले, तर दोष दुसऱ्या प्रकारचा आहे. पत्ता बदलल्यानंतर `ipconfig` मधील आयपी पत्ताही बदललेला दिसला, तर तो तिसऱ्या प्रकारचा.

लॅपटॉप असे का वागतो

ॲक्सेस पॉइंट केव्हा बदलायचा हा निर्णय लॅपटॉपचा असतो. नेटवर्क त्याला सुचवू शकते, फार तर बाहेर काढू शकते, पण निवड लॅपटॉपमधील वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर करतो. त्यात एक मर्यादा ठरलेली असते; सिग्नल तिच्या खाली गेल्याशिवाय लॅपटॉप दुसरीकडे पाहत नाही. खाली गेल्यावरही पुढचा ॲक्सेस पॉइंट ठरावीक फरकाने बळकट असावा लागतो, अन्यथा सीमेवर उभा असलेला लॅपटॉप दोघांमध्ये सतत हेलकावे खात राहील. ॲपलने मॅकसाठी हे आकडे जाहीर केले आहेत: उणे ७५ डीबीएम ही मर्यादा आणि पुढचा सिग्नल किमान १२ डीबीने चांगला. याचा अर्थ, उणे ७० वर कॉल अडखळत असला तरी मॅक हलणार नाही. आणि उणे ७६ ला पोहोचल्यावर समोरचा उणे ६४ किंवा त्याहून चांगला असेल तरच हलेल. विंडोजच्या लॅपटॉपमध्ये हे आकडे कार्डागणिक आणि ड्रायव्हरगणिक वेगळे असतात. त्यामुळेच एकाच कॉरिडॉरमध्ये एकाचा कॉल टिकतो आणि शेजारच्याचा तुटतो.

लॅपटॉपवरचे उपाय

पहिला उपाय वाय-फाय ड्रायव्हर अद्ययावत करण्याचा. तो लॅपटॉपच्या किंवा कार्डाच्या निर्मात्याकडून घ्यावा. रोमिंगचे सारे तर्कशास्त्र ड्रायव्हरमध्ये असल्याने जुन्या आवृत्तीतील दोष नव्या आवृत्तीत गेलेला असण्याची बरीच शक्यता असते. अद्ययावत केल्यावर तीच वाट पुन्हा चालून नोंद घ्या. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळते.

दुसरा उपाय विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये आहे. `Network adapters` मधील वाय-फाय कार्डाच्या `Properties` मध्ये `Advanced` या भागात इंटेलच्या कार्डांसाठी `Roaming Aggressiveness` ही सेटिंग मिळते. इतर कार्डांत नाव थोडे वेगळे असते किंवा ही सोय नसते. तिच्या पाच पायऱ्या आहेत आणि मूळ मूल्य मधले, `Medium`, असते. ते एक पायरी वाढवून `Medium-High` करा. एकदम `Highest` करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. त्या पायरीवर लॅपटॉप सतत नवा ॲक्सेस पॉइंट शोधत राहतो आणि शोधण्यासाठी त्याला प्रत्येक वेळी स्वतःचा चॅनल क्षणभर सोडावा लागतो. परिणामी जागेवर बसून चाललेला चांगला कॉलही अडखळू लागतो.

तिथेच `Preferred Band` ही सेटिंग असेल, तर ५ गिगाहर्ट्झला प्राधान्य द्या. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींतून दूरवर पोहोचतो, म्हणून त्यावरचा लॅपटॉप अधिक काळ चिकटून राहतो. चार्जर काढल्यावरच दोष दिसत असेल, तर बॅटरीवर असताना वाय-फाय कार्ड वीज वाचवण्याच्या स्थितीत जात नाही ना, हेही पाहावे.

वरच्या नोंदीतील लॅपटॉपवर रोमिंगची एक पायरी वाढवल्यावर पत्ता ३४ ऐवजी ४४ टक्क्यांवर, म्हणजे उणे ७८ ला बदलू लागला. कॉल तुटणे थांबले, पण त्याआधीचे काही सेकंद आवाज फाटतच होता. मॅकवर तर अशी सेटिंगच उपलब्ध नाही. म्हणून खरा उपाय बहुधा छतावर असतो.

ॲक्सेस पॉइंटवरचे उपाय

यापुढचे काम ज्यांच्याकडे नेटवर्कच्या व्यवस्थापनाचे अधिकार आहेत त्यांनीच करावे. प्रत्येक बदलापूर्वी मूळ सेटिंग लिहून ठेवावी आणि बदल कामाच्या वेळेनंतर करावेत, कारण बहुतेक बदलांत रेडिओ पुन्हा सुरू होतो आणि सर्वांची जोडणी क्षणभर तुटते.

सर्वांत आधी प्रक्षेपणाची शक्ती पाहा. ॲक्सेस पॉइंट बसवताना ‘जास्त शक्ती म्हणजे चांगले वाय-फाय’ असे समजून ती कमाल ठेवलेली असते. त्याने दोन तोटे होतात. लॅपटॉपला दूरवरही सिग्नल बरा वाटतो, म्हणून तो मर्यादेपर्यंत घसरतच नाही. आणि लॅपटॉपची स्वतःची शक्ती कमी असल्याने परतीचा मार्ग मात्र केव्हाच तुटलेला असतो. समोरच्यांना तुमचा आवाज न पोहोचण्याचे कारण हेच.

आपल्या उदाहरणात दोन्ही ॲक्सेस पॉइंट २३ डीबीएमवर होते आणि कॉरिडॉरच्या मधोमध दोघांचाही सिग्नल उणे ६२ होता. म्हणजे एकमेकांवरचे आच्छादन गरजेपेक्षा अधिक होते. शक्ती १७ डीबीएमवर आणली, तेव्हा प्रत्येक जागी सिग्नल ६ डीबीने उतरला आणि मध्यावर तो उणे ६८ झाला. पूर्वी जिथे जुना सिग्नल उणे ७० आणि नवा उणे ५८ असायचा, तिथे आता जुना उणे ७६ आणि नवा उणे ६४ झाला. फरक तोच, १२ डीबीचा. पण लॅपटॉपला हलवणारी मर्यादा आता नव्या ॲक्सेस पॉइंटच्या अगदी जवळ पोहोचल्यावर न गाठता त्याआधीच, योग्य जागी गाठली जाऊ लागली. नंतरच्या नोंदीत पत्ता ५० टक्क्यांवर बदलला, नवा सिग्नल ७२ टक्के मिळाला आणि एकच पिंग हरवला. शक्ती याहून कमी केली असती, तर मध्यभागी उणे ६७ च्या आसपासचे आच्छादन राहिले नसते आणि चिकटण्याच्या जागी भोक तयार झाले असते. म्हणून शक्ती दोन-तीन डीबीने उतरवत, प्रत्येक वेळी चालून मोजत जावे. २.४ गिगाहर्ट्झची शक्ती ५ गिगाहर्ट्झपेक्षा आणखी कमी ठेवावी, अन्यथा लॅपटॉप दुसऱ्या ॲक्सेस पॉइंटकडे जाण्याऐवजी त्याच ॲक्सेस पॉइंटच्या २.४ वर उतरतो.

दुसरी सेटिंग किमान वेगाची, म्हणजे `Minimum data rate` ची. २.४ गिगाहर्ट्झवर १ मेगाबिटचा जुना वेग चालू असेल, तर अगदी क्षीण सिग्नलवरही जोडणी टिकते. पण अशा जोडणीवर व्हिडिओ कॉल चालत नाही आणि तिची संथ पॅकेट हवेतील वेळ खात असल्याने इतरांचेही नुकसान होते. किमान वेग १२ मेगाबिट केला की दूरच्या लॅपटॉपला ॲक्सेस पॉइंटच्या घोषणा नीट ऐकू येत नाहीत आणि तो स्वतःहून जवळचा शोधतो. जुने प्रिंटर किंवा बारकोड स्कॅनर १ ते ११ मेगाबिटच्या वेगांवरच चालत असतील, तर ते या बदलाने बंद पडतात. त्यांची यादी आधी करावी.

यानंतर `802.11k` आणि `802.11v` चालू आहेत का ते पाहा. पहिल्यामुळे ॲक्सेस पॉइंट लॅपटॉपला शेजाऱ्यांची यादी देतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये वीसहून अधिक चॅनल असू शकतात आणि यादी नसेल तर लॅपटॉपला ते एकेक करून ऐकावे लागतात. त्यातही ५२ ते १४४ हे चॅनल रडारसाठी राखून वापरायचे असल्याने लॅपटॉपला तिथे आधी गप्प राहून घोषणेची वाट पाहावी लागते आणि घोषणा साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी एकदा होते. शोध लांबतो तो येथेच. शक्य असेल तिथे लगतच्या ॲक्सेस पॉइंटना या पट्ट्याबाहेरचे चॅनल द्यावेत. `802.11v` मुळे ॲक्सेस पॉइंट ‘तू अमुक ठिकाणी जा’ अशी सूचना करू शकतो. ती पाळणे लॅपटॉपच्या मर्जीवर असते.

`802.11r` हा दुसऱ्या प्रकारच्या दोषाचा उपाय आहे. प्रत्येकाला स्वतःच्या नावाने आणि पासवर्डने जोडणाऱ्या कार्यालयीन नेटवर्कमध्ये ॲक्सेस पॉइंट बदलताना ओळख पटवण्याची सारी देवघेव रेडियस सर्व्हरशी पुन्हा होऊ शकते. सर्व्हर दूर असेल किंवा त्यावर ताण असेल, तर त्यात सेकंदही जातो. `802.11r` मध्ये चाव्या आधीच तयार असतात, त्यामुळे हे काम शंभर मिलिसेकंदांच्या आत आटोपते. सर्वांचा एकच पासवर्ड असलेल्या नेटवर्कमध्ये ही देवघेव मुळातच छोटी असते, म्हणून तिथे याचा फायदा कमी. काही जुनी उपकरणे `802.11r` चालू केलेल्या नेटवर्कला जोडलीच जात नाहीत. म्हणून आधी वेगळ्या चाचणी नावावर ते तपासावे.

सर्वांत शेवटी, आणि नाइलाज असेल तरच, किमान सिग्नलखालच्या लॅपटॉपला बाहेर काढण्याची `Minimum RSSI` ही सेटिंग वापरावी. येथे ॲक्सेस पॉइंट जोडणी सरळ तोडतो. आकडा उणे ७० सारखा कडक ठेवला, तर कोपऱ्यात बसलेल्या, ज्याला दुसरा पर्याय नाही अशा माणसाला ते पुन्हा पुन्हा बाहेर फेकते आणि त्याचा लॅपटॉप पुन्हा तिथेच येतो. उणे ८० पासून सुरुवात करून बेताने वर यावे.

येथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

तुम्ही कर्मचारी असाल आणि व्यवस्थापनाचे अधिकार नसतील, तर ड्रायव्हर आणि रोमिंगची पायरी यांपुढे जाऊ नका. कार्यालयाच्या लॅपटॉपवर तेवढ्यासाठीही आयटी विभागाची परवानगी लागू शकते. त्यांना फक्त ‘वाय-फाय खराब आहे’ असे कळवू नका. चालतानाची नोंद, वेळ, कॉरिडॉरमधील जागा आणि वाय-फाय बंद-चालू केल्यावर मिळालेला सिग्नल एवढे पाठवा. विंडोजवर प्रशासक म्हणून पुढील आज्ञा चालवली, तर मागील तीन दिवसांच्या जोडण्यांचा अहवालही तयार होतो, तो सोबत जोडा.

```
netsh wlan show wlanreport
```

आयपी पत्ता बदलत असेल, तर दोन ॲक्सेस पॉइंट वेगवेगळ्या व्हीलॅनला, म्हणजे एकाच नेटवर्कच्या स्वतंत्र ठेवलेल्या भागांना, जोडलेले असण्याची शक्यता आहे; स्विच आणि व्हीलॅनची जुळणी माहीत असलेल्यानेच त्याला हात लावावा, कारण चुकीचा पोर्ट बदलला तर अख्खा मजला बंद पडतो. रेडियस सर्व्हरची उत्तरे उशिरा येत असतील तर तेही नेटवर्क प्रशासकाचे काम आहे. आणि वाटेत एखाद्या जागी नव्याने जोडूनही सिग्नल ६६ टक्क्यांच्या आसपासही पोहोचत नसेल, तर सेटिंग बदलत बसू नये. तिथे ॲक्सेस पॉइंटची जागा बदलायची की नवा बसवायचा, हे मोजमापाच्या उपकरणांनी जागेचा सर्व्हे करणाऱ्या वायरलेस अभियंत्याकडून ठरवून घ्यावे. त्याला शक्य असल्यास नेमका तोच लॅपटॉप द्या, ज्याचा कॉल तुटतो.